ब्रोकर ४८.२० म्हणतो आणि माझी शीट ४४.१०, पुट असाइन झाल्यावर खरा कॉस्ट बेसिस कुठला?

प्रश्न: नमस्कार दादा. मी न्यू जर्सीत असतो, ब्रोकरेज अकाउंट साधंच आहे, आयआरए नाही. एकाच शेअरवर २०२५ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरचा पुट विकला, दोन्ही एक्सपायर झाले, १.४० आणि १.१० मिळाले. ऑक्टोबरचा ५० चा पुट १.८० ला विकला तो असाइन झाला, १०० शेअर आले. मग नोव्हेंबर आणि डिसेंबरला कव्हर्ड कॉल विकले, ०.९० आणि ०.७०, दोन्ही एक्सपायर. माझ्या एक्सेलमध्ये कॉस्ट ४४.१० येते आणि ब्रोकर ४८.२० दाखवतो. आता शेअर ४४ ला आहे आणि फेब्रुवारीचा ४५ चा कॉल ०.८५ ला मिळतोय. ४५ म्हणजे माझ्या कॉस्टच्या वरच, मग विकला तर नफाच ना?

उत्तर:

नमस्कार. ब्रोकरचा आकडा बरोबर आहे. तुमच्या शीटमधली बेरीज-वजाबाकीही चुकलेली नाही, फक्त ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाहीये. ४५ चा कॉल विकलात आणि शेअर गेले तर आयआरएसच्या हिशोबात तो तोटा आहे, शंभर शेअरवर २३५ डॉलरचा. घाबरू नका, सगळं धरून तुम्ही तरीही १७५ डॉलर फायद्यात असाल. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा ते नीट सांगतो, कारण व्हील करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी पहिल्या वर्षी इथेच अडते, माझीही अडली होती.

आधी टॅक्सचा हिशोब. आयआरएसच्या पब्लिकेशन 550 मधला नियम असा की तुम्ही पुट विकला आणि तो असाइन झाला तर त्या पुटचं प्रीमियम तुमचं उत्पन्न धरायचंच नाही, ते शेअरच्या किमतीतून वजा करायचं. म्हणून ५० वजा १.८० म्हणजे ४८.२०. बेसिसमधून वजा होणारं प्रीमियम हे एवढं एकच. ऑगस्टचं १.४० आणि सप्टेंबरचं १.१० हे वेगळे पुट होते, ते एक्सपायर झाले त्या दिवशी त्यांची गोष्ट संपली आणि ती रक्कम शॉर्ट टर्म कॅपिटल गेन झाली. ऑक्टोबरला जे शेअर आले त्यांच्याशी टॅक्सच्या दृष्टीने त्यांचा काही संबंध नाही, कंपनी तीच असली तरी नाही.

कव्हर्ड कॉलचंही तसंच, आणि इथे बहुतेक जण गोंधळतात कारण यूट्यूबवर सगळे म्हणतात की कॉल विकत राहा आणि कॉस्ट खाली आणत राहा. टॅक्सच्या बेसिसला कॉलचं प्रीमियम कधीच हात लावत नाही. कॉल एक्सपायर झाला तर ते प्रीमियम शॉर्ट टर्म गेन, तुम्ही तो परत विकत घेऊन बंद केलात तर जो फरक राहील तो शॉर्ट टर्म गेन किंवा लॉस, आणि कॉल असाइन झाला तर ते प्रीमियम विक्रीच्या रकमेत मिळवायचं. म्हणजे बेसिस तिथेच राहतो, विक्रीची किंमत वर जाते. शेवटी फायदा-तोटा तितकाच येतो म्हणून लोकांना वाटतं की यात काय फरक पडतो, पण फरक पडतो तो वर्षाचा, कुठलं प्रीमियम कुठल्या वर्षात मोजलं जाणार याचा.

तुमचंच बघा. २०२५ मध्ये दोन पुट एक्सपायर, २.५०. दोन कॉल एक्सपायर, १.६०. म्हणजे ४.१०, शंभर शेअरला ४१० डॉलर, हे सगळं २०२५ चं शॉर्ट टर्म उत्पन्न. शॉर्ट टर्म म्हणजे पगाराच्याच दराने टॅक्स, तुम्ही २४ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये असाल तर फेडरलचेच ९८ डॉलर आणि वर स्टेट. तुमचा 1099-B येईल तेव्हा त्यात पाच प्रीमियमपैकी चारच दिसतील. पाचवं, ते १.८० वालं, दिसणार नाही, आणि तुम्हाला वाटेल ब्रोकर विसरला. विसरलेला नाही, ते ४८.२० च्या आत जाऊन बसलंय.

मी पहिल्या वर्षी नेमकी हीच चूक केली होती, 1099 मध्ये असाइन झालेल्या पुटचं प्रीमियम दिसेना म्हणून मी हाताने उत्पन्नात टाकलं, आणि शेअर विकले तेव्हा बेसिसही कमी केलेलाच होता, म्हणजे एकाच प्रीमियमवर दोनदा टॅक्स भरला. दोन वर्षांनी जुने कागद चाळताना लक्षात आलं आणि मग सुधारित रिटर्न भरत बसलो. कळलं कसं ते पुढे सांगतो, कारण तीच तपासणी तुम्हालाही करायची आहे.

आता समजा तुम्ही फेब्रुवारीचा ४५ चा कॉल ०.८५ ला विकला आणि २० फेब्रुवारी २०२६ ला, म्हणजे तिसऱ्या शुक्रवारी, शेअर ४५ च्या वर बंद झाला आणि गेले. विक्रीची किंमत ४५ अधिक ०.८५ म्हणजे ४५.८५. बेसिस ४८.२०. तोटा २.३५, शंभर शेअरला २३५ डॉलर, आणि हा तोटा २०२६ चा. २०२५ च्या ४१० वर टॅक्स तुम्ही आधीच भरलेला असेल, हा तोटा मागे नेऊन त्यातून वजा करता येत नाही. २०२६ मध्ये तुम्ही आणखी प्रीमियम कमावलंत तर त्यातून वजा होईल, नाहीतर फेडरलला वर्षाला ३००० डॉलरपर्यंत पगारातून वजा करता येतो आणि उरलेला पुढच्या वर्षी नेता येतो. पण तुम्ही न्यू जर्सीत आहात म्हणून मुद्दाम सांगतो, न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये कॅपिटल लॉस पगारातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही, त्याच वर्षीच्या गेनमधून वजा झाला तर झाला. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीच्या सुरुवातीला कॉलचा स्ट्राइक निवडताना हे डोक्यात असलेलं बरं.

आता तुमच्या स्वतःच्या वहीकडे येऊ. टॅक्सचा बेसिस ४८.२० असला तरी तुम्हाला हे माहिती हवंच की मी या शेअरमधून कुठल्या भावाला बाहेर पडलो तर हात झटकून मोकळा होईन. त्यासाठी असाइनमेंटनंतरचं प्रत्येक बंद झालेलं प्रीमियम वजा करा, ४८.२० वजा ०.९० वजा ०.७० म्हणजे ४६.६०. हा तुमचा ब्रेकइव्हन. हा आकडा आयआरएसला कधीच दाखवायचा नसतो, तो निर्णयासाठी असतो.

आणि ४४.१०? त्यात तुम्ही ऑगस्ट-सप्टेंबरचे २.५० पण वजा केलेत. मी ते वजा करत नाही आणि तुम्हीही करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ते पैसे तुम्ही कमावले हे खरं, पण ते वेगळ्या महिन्यांच्या वेगळ्या जोखमीबद्दल मिळालेले होते आणि ती जोखीम तेव्हाच संपली. एकदा जुनी प्रीमियमं आजच्या शेअरच्या किमतीतून वजा करायची सवय लागली की थांबायचं कुठे ते कळत नाही. दोन वर्षं एकाच शेअरवर पुट विकत राहिलेल्या माणसाची शीट मी पाहिलीय, त्यात कॉस्ट ५० च्या शेअरची २९ दिसत होती, आणि तो ३५ चे कॉल विकून खूश होता की मी नफ्यात विकतोय. प्रत्यक्षात तो आधी कमावलेले पैसे हळूहळू परत देत होता, शीटमध्ये मात्र ते कुठेच दिसत नव्हतं.

तुमच्याही ४५ च्या कॉलचं नेमकं तेच होतंय. ४५.८५ ला विकलं तर ४६.६० च्या तुलनेत पाऊण डॉलर खाली, म्हणजे शेअर हातात आल्यापासूनच्या प्रवासात ७५ डॉलरचा तोटा. आधी पुटवर कमावलेले २५० आहेत म्हणून एकूण १७५ उरतात. ४४.१० या आकड्याने हे ७५ लपवले होते.

तरीही पहिल्या पुटपासून शेवटच्या शेअरपर्यंत एकूण किती कमावलं ते बघायची इच्छा असतेच, आणि असावी. ते प्रति शेअर न बघता डॉलरमध्ये बघा, वेगळ्या ओळीत. मी त्याला फेरी म्हणतो, पहिला पुट विकला तिथे फेरी सुरू, शेअर पूर्ण गेले आणि काही उघडं नाही तिथे फेरी संपली.

आता ती तपासणी. फेरी संपली की टॅक्सचा हिशोब आणि रोख पैशांचा हिशोब दोन्ही एकाच आकड्यावर यायला हवेत. तुमची फेरी ४५ ला संपली असं धरू. रोख: मिळालेली प्रीमियमं १.४०, १.१०, १.८०, ०.९०, ०.७०, ०.८५, बेरीज ६.७५. शेअर ५० ला घेतले, ४५ ला दिले, ५ गेले. उरले १.७५. टॅक्स: शॉर्ट टर्म गेन ४.१०, शेअरवर तोटा २.३५, उरले १.७५. जुळलं. जुळलं नाही तर कुठेतरी एक प्रीमियम दोनदा धरलंय किंवा एकदाही धरलेलं नाही, आणि जो फरक येतो तो बहुतेक वेळा त्या एका प्रीमियमइतकाच असतो, म्हणून शोधायला पाच मिनिटं लागतात. माझी दोनदा टॅक्सवाली चूक मला अशीच सापडली, टॅक्सचा नफा रोख नफ्यापेक्षा बरोबर एका पुटच्या प्रीमियमने जास्त येत होता.

शीट अगदी साधी ठेवा. प्रत्येक ऑप्शनची एक ओळ, त्यात लॉटचं नाव, तारीख, काय होतं, उघडं की बंद, आणि शेवटी प्रति शेअर निव्वळ किती राहिलं. निव्वळ म्हणजे कमिशन वजा करून, कॉन्ट्रॅक्टला ६५ सेंट जात असतील तर १.८० चे खरे १.७९३५ होतात आणि ब्रोकर बेसिसही तसाच धरतो, म्हणून त्याच्या स्क्रीनवर ४८.२० ऐवजी ४८.२०६५ दिसलं तर दचकू नका. असाइन झालेला पुट ही पहिली ओळ, मग खाली कॉल. लॉटचं नाव `A` कॉलममध्ये `L1` असं, स्टेटस `D` मध्ये `open` किंवा `closed` असं आणि निव्वळ आकडा `E` मध्ये असेल तर ब्रेकइव्हन असा काढायचा:

```
=50-SUMIFS(E:E,A:A,"L1",D:D,"closed")
```

`closed` ची अट मुद्दाम आहे. उघड्या कॉलचं प्रीमियम अकाउंटमध्ये जमा झालेलं दिसतं पण ते अजून पूर्ण तुमचं नाही, शेअर वर गेला तर तोच कॉल परत घ्यायला तुम्हाला त्याहून जास्त द्यावे लागतील. मी उघडं प्रीमियम शेजारच्या कॉलममध्ये लिहितो आणि कॉल बंद झाल्यावरच ब्रेकइव्हनमध्ये घेतो. काही जण पहिल्या दिवसापासून वजा करतात आणि शेअर खाली जाईल तेव्हाच्या दृष्टीने ते चूक नाही, पण रोल करायला लागलात की त्या सवयीने हमखास घोळ होतो.

रोलचा घोळ असा. समजा ०.९० ला विकलेला कॉल शेअर वर गेल्यामुळे २.३० ला परत घेतला आणि पुढच्या महिन्याचा २.७० ला विकला. स्क्रीनवर दिसतं ०.४० क्रेडिट आलं, छान. आणि शीटमध्ये माणूस घाईघाईत लिहितो २.७०, कारण नवा कॉल २.७० ला विकलाय. मधले २.३० कुठेच नाहीत. दोन-तीन रोलनंतर शीट सांगते कॉस्ट ४२ आहे आणि खरी असते ४७. जुना कॉल ही एक ओळ, तिचं निव्वळ ०.९० वजा २.३० म्हणजे उणे १.४०, स्टेटस बंद, ब्रेकइव्हन १.४० ने वर जातो. नवा कॉल दुसरी ओळ, २.७०, उघडा. ब्रेकइव्हन वर गेलेला बघवत नाही हे मला माहितीये, पण तो खरंच वर गेलेला असतो, नवा कॉल संपेपर्यंत. टॅक्समध्येही हे दोन वेगळे व्यवहारच आहेत, रोल नावाचा प्रकार आयआरएसकडे नाही. डिसेंबरमध्ये रोल केलात तर उणे १.४० त्या वर्षात आणि २.७० चं जे काय होईल ते पुढच्या वर्षात.

आणखी एक, लॉटचा प्रश्न. तुमचे सध्या शंभरच शेअर आहेत, पण उद्या ४६ चा आणखी एक पुट १.३० ला विकून असाइन झालात तर दुसरे शंभर ४४.७० च्या बेसिसने येतील. अॅपमध्ये सरासरी ४६.४५ दिसेल. शेअरसाठी आयआरएस ही सरासरी मानत नाही, ती सोय म्युच्युअल फंडासारख्या ठिकाणी आहे, साध्या शेअरला प्रत्येक लॉट वेगळा. मग ४७ चा एक कॉल ०.६० ला विकलेला असाइन झाला, विक्री ४७.६०, तर गेले कुठले शंभर? तुम्ही काहीच सांगितलं नसेल तर आधी आलेले आधी जातात, म्हणजे ४८.२० वाले, ०.६० तोटा. दुसरे निवडले असते तर २.९० नफा. कुठला हवा हे तुमच्या त्या वर्षीच्या परिस्थितीवर आहे, पण निवड सेटलमेंटच्या आत ब्रोकरला कळवावी लागते आणि मे २०२४ पासून अमेरिकेत सेटलमेंट एका दिवसाचं झालंय, म्हणजे शुक्रवारी असाइन झालात तर सोमवारच्या आत. मी तर अकाउंटच्या सेटिंगमध्येच लॉट निवडायची पद्धत आधी लावून ठेवतो, शनिवारी आठवण यायची वाट बघत नाही.

आणि दोनशे शेअर असताना एकच कॉल विकला तर त्याचं ०.७० प्रीमियम म्हणजे ७० डॉलर, ते दोनशे शेअरमध्ये वाटलं तर ०.३५ होतं. शीटमध्ये सरसकट ०.७० वजा करणारे खूप पाहिलेत. म्हणूनच वर फॉर्म्युल्यात लॉटचं नाव आहे, कॉल विकतानाच ठरवा की हा कुठल्या लॉटवर.

आता वॉश सेल, कारण तुमचा ४५ चा कॉल असाइन झाला तर तुम्ही थेट त्याच्यात सापडणार आहात. तोट्यात शेअर विकले आणि त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ३० दिवसांत तोच शेअर घेतला तर तो तोटा आत्ता मिळत नाही, तो नव्या शेअरच्या बेसिसमध्ये मिळवला जातो. व्हील करणारा माणूस शेअर गेले की सोमवारी लगेच पुन्हा पुट विकतो, तीच तर पद्धत आहे. समजा तुम्ही २३ फेब्रुवारीला मार्चचा ४४ चा पुट १.२० ला विकला आणि तो २० मार्चला असाइन झाला. २० फेब्रुवारी ते २० मार्च अठ्ठावीस दिवस. सापडलात. तिसऱ्या शुक्रवारपासून पुढच्या तिसऱ्या शुक्रवारपर्यंत एकतर २८ दिवस असतात नाहीतर ३५, अठ्ठावीसवाला महिना आला की वॉश सेल, पस्तीसवाला आला की सुटलात. (पुट मुदतीआधीच असाइन झाला तर पस्तीसवाल्या महिन्यातही सापडू शकता, अमेरिकन शेअरच्या ऑप्शनमध्ये समोरचा कधीही एक्सरसाइज करू शकतो.)

मग नवा बेसिस ४४ वजा १.२० म्हणजे ४२.८० नाही, त्यात जुना २.३५ तोटा मिळवून ४५.१५. ब्रोकरच्या स्क्रीनवर एके दिवशी अचानक ४५.१५ उगवतं आणि लोक कस्टमर केअरला फोन करतात. तुमच्या वहीत मात्र नवी फेरी ४२.८० पासूनच सुरू होईल, कारण जुना तोटा तुम्ही जुन्या फेरीत आधीच मोजलाय, परत नव्या फेरीत ओढला तर तोच तोटा दोनदा. समजा ही दुसरी फेरी ४६ च्या कॉलने संपली, प्रीमियम ०.६०, विक्री ४६.६०. वहीत नफा ३.८०, टॅक्समध्ये १.४५. दोन्ही फेऱ्या मिळून वहीत १७५ अधिक ३८० म्हणजे ५५५, टॅक्समध्ये ४१० अधिक १४५ म्हणजे ५५५. वॉश सेलने पैसे कुठे गेले नाहीत, फक्त उशिरा मोजले गेले, आणि म्हणूनच वॉश सेल मध्ये आला की जुळवाजुळव एका फेरीची न करता दोन्ही फेऱ्यांची एकत्र करायची, एकेकटी जुळणारच नाही.

एकच जागा अशी आहे जिथे पैसे खरोखर जातात. तोटा या अकाउंटमध्ये घेतला आणि ३० दिवसांत तोच शेअर तुमच्या आयआरएमध्ये घेतला तर तो तोटा कायमचा गेला, आयआरएच्या बेसिसमध्ये तो मिळवता येत नाही. बायकोच्या किंवा नवऱ्याच्या अकाउंटमधली खरेदीही वॉश सेलमध्ये मोजली जाते. आणि तुमचा ब्रोकर फक्त त्या एका अकाउंटमधला वॉश सेल पकडतो, दुसऱ्या ब्रोकरकडचं किंवा बायकोचं अकाउंट त्याला दिसत नाही, ते फॉर्म 8949 वर तुम्ही स्वतः दुरुस्त करायचं. घरात दोघंही एकाच शेअरवर पुट विकत असाल, आणि आपल्याकडे बरीच जोडपी तसं करतात, तर शीट दोघांची मिळून एकच ठेवा.

अजून एक गोष्ट ब्रोकर तुम्हाला सांगणार नाही, ती म्हणजे होल्डिंग पिरियड. पुट विकला त्या दिवशी नाही, शेअर आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वर्ष मोजायचं, म्हणजे तुमचं १८ ऑक्टोबर २०२५ पासून. पण कव्हर्ड कॉल विकताना त्याच्या मुदतीला ३० पेक्षा जास्त दिवस नसतील तर तो आयआरएसच्या भाषेत क्वालिफाइड कव्हर्ड कॉल नाही, शेअर आणि कॉल मिळून स्ट्रॅडल होतं, आणि वर्ष पूर्ण झालेलं नसेल तर आधी मोजलेले दिवस पुसले जाऊन मोजणी स्ट्रॅडल संपल्यावर परत सुरू होते. तुमचा नोव्हेंबरचा कॉल सोमवारी २० ऑक्टोबरला विकला असेल तर २१ नोव्हेंबरपर्यंत ३२ दिवस, ठीक. डिसेंबरचा २४ नोव्हेंबरला विकला असेल तर १९ डिसेंबरपर्यंत २५ दिवस, नाही ठीक. आठवड्याचे कॉल विकणाऱ्यांचा तर कायमच हा प्रश्न. स्ट्रॅडलमध्ये कॉल तोट्यात बंद केलात आणि शेअरमध्ये न विकलेला नफा असेल तर तो तोटाही पुढे ढकलला जातो. 1099-B मध्ये यातलं काही येत नाही, ब्रोकरवर ते बंधन नाही, त्यामुळे शीटमध्ये कॉल विकल्याची तारीख लिहाच आणि लाँग टर्मचा फायदा घ्यायचा विचार असेल तर सीपीएला ती शीट दाखवा. तुमच्या बाबतीत सध्या तोटा समोर आहे आणि वर्षही झालेलं नाही, म्हणून याने लगेच काही बिघडत नाही.

डिव्हिडंड आला तर तो बेसिसमधून वजा करू नका, ते वेगळं उत्पन्न आहे, रिटर्न ऑफ कॅपिटल असेल तेवढंच बेसिसमधून जातं. वहीतल्या ब्रेकइव्हनमध्ये वजा केलात तर माझी हरकत नाही, फक्त ती वेगळी ओळ असू दे. आणि हे सगळं अमेरिकेतल्या अकाउंटचं आहे, पुण्यात भाऊ किंवा मित्र एनएसईवर हेच करत असेल तर त्याला हे जसंच्या तसं पाठवू नका, तिथे स्टॉक ऑप्शन मुदतीच्या दिवशीच एक्सरसाइज होतात आणि एफअँडओचा नफा बिझनेस इन्कममध्ये जातो, हिशोबाची मांडणीच वेगळी आहे.

तर तुमच्या ४५ च्या कॉलचं. विकू नका असं मी म्हणत नाही. शेअर ४४ ला आहे, पुढे तो ४६ च्या वर जाईल असं तुम्हाला वाटत नसेल आणि पैसे दुसरीकडे लावायचे असतील तर ४५.८५ ला बाहेर पडणं हा चांगला निर्णय असू शकतो. पण हे पाऊण डॉलरचा तोटा स्वीकारून बाहेर पडणं आहे हे माहिती असताना करा. शेअर राहू द्यायचा असेल तर ४६ किंवा ४७ च्या कॉलला किती मिळतात ते बघा, स्ट्राइक अधिक प्रीमियम ४६.६० च्या वर जायला हवं, ४६ चा कॉल ६० सेंटच्या वर मिळत असेल तर असाइन झालात तरी शेअर आल्यापासूनचा हिशोब अधिकमध्ये राहतो. टॅक्सला तरीही तोटाच दिसेल, कारण तिथे ४८.२० आहे. आणि ४५ चाच विकलात आणि शेअर गेले, तर २२ मार्चपर्यंत ते परत घरी येणार नाहीत हे बघा, म्हणजे सोमवारी मार्चचा पुट न विकता सरळ एप्रिलचा विका, १७ एप्रिलवाला. २३ फेब्रुवारीला शीटमध्ये नवीन ओळ लिहिताना लॉटचं नाव `L2` टाका, `L1` खाली ती ओळ लिहू नका.